उपासमारीनंतरचे पहिले दहा दिवस आणि परिचारिकेचे काम

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया यांतले वैद्यकीय धोके, रिफीडिंग सिंड्रोम आणि थेराप्युटिक अप्रोच यांवर मानसोपचार परिचर्येच्या पेपरात मोठा प्रश्न येतो. लक्षणांच्या याद्या पाठ आहेत, पण उपाशी रुग्णाला जेवण देणे धोक्याचे कसे ठरते आणि त्या वेळी नर्सने नेमके काय करायचे, हे नीट लिहिता येत नाही. कृपया सविस्तर सांगा.

उत्तर: पुस्तकात हे धोके हृदय, हाडे, रक्त, त्वचा अशा अवयवांच्या क्रमाने दिलेले असतात, तर वॉर्डात ते दिवसांच्या क्रमाने येतात. रुग्ण दाखल होताना एक धोका असतो, अन्न सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेगळाच धोका उभा राहतो, आणि वजन वाढू लागल्यावर तिसरा. परीक्षेतले उत्तरही या दिवसांच्या क्रमाने लिहिले, तर पाठ केलेली यादी आपोआप जागेवर बसते. म्हणून मी एकाच रुग्णाच्या आधाराने सांगते. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र अशा रुग्णांत जसे दिसतात तसेच ठेवले आहेत.

मुलगी एकोणीस वर्षांची होती. उंची १६० सेंटिमीटर, सात महिन्यांपूर्वीचे वजन ५० किलो आणि दाखल होतानाचे ३५ किलो. बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ३५ भागिले २.५६ केल्यावर तो १३.७ येतो. आईने सांगितलेली हकीकत आपल्याकडे फार ओळखीची आहे. आधी संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार असे उपास वाढत गेले. उपासाच्या दिवशी साबुदाणा खाणे बंद झाले, मग "मला ॲसिडिटी होते" म्हणून रात्रीचे जेवण सुटले, आणि शेवटचे दहा-बारा दिवस बिनदुधाचा चहा आणि काकडी एवढ्यावरच ती होती. घरच्यांना बराच काळ ती श्रद्धाळू वाटत होती. पाळी पाच महिन्यांपासून बंद होती. पडून असताना नाडी मिनिटाला ४२, रक्तदाब ८४/५६. उभे केल्यावर नाडी ७८ आणि रक्तदाब ७०/४८. तापमान ३५.४ अंश सेल्सिअस, पाठीवर आणि हातांवर बारीक मऊ लव, हातपाय थंड आणि निळसर. उकिडवे बसवून हाताचा आधार न घेता उठायला सांगितले, तर तिला उठता आले नाही. स्नायू किती खंगले आहेत हे पाहण्याची ही साधी चाचणी आहे, आणि आपल्याकडे ती वेगळी शिकवावी लागत नाही. "देशी पद्धतीच्या शौचालयात बसल्यावर उठताना भिंतीला धरावे लागते का," एवढे विचारले तरी उत्तर मिळते.

निदानाबद्दल एक बारकावा येथेच सांगते, कारण तो परीक्षेत आणि वॉर्डात दोन्हीकडे अडतो. ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: गरजेपेक्षा फार कमी खाल्ल्यामुळे घटलेले वजन, वजन वाढण्याची तीव्र भीती, आणि स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची बिघडलेली दृष्टी किंवा कमी वजनाचे गांभीर्यच न जाणवणे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेने पाळी बंद असण्याची अट काढून टाकली, तेव्हा "पाळी चालू आहे, म्हणजे ॲनोरेक्सिया नाही" असे लिहू नये. याशिवाय भीती तोंडाने बोलून दाखवली नाही, तरी वजन वाढू न देणारे वर्तन सातत्याने दिसणे पुरेसे मानले आहे. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी "मी जाड आहे" असे एकदाही न म्हणणाऱ्या, पोट भरल्यासारखे वाटते किंवा पचत नाही एवढेच सांगणाऱ्या रुग्णांची नोंद केलेली आहे. आमची मुलगीही पहिले तीन आठवडे "जाड" हा शब्द बोलली नाही. तिच्या ताटात पोळीचे बोटभर तुकडे होत आणि ते वरणात बुडवून वाटीच्या तळाशी दडवले जात; ते पाहणाऱ्याला मात्र भीती कळत होती.

आता शरीरात काय चालले होते ते पाहू. उपासमार लांबते तेव्हा शरीर साखर सोडून चरबी आणि स्नायूंवर जगू लागते. इन्सुलिन खाली जाते, चयापचय मंदावतो, हृदयाचा स्नायूही झिजून लहान होतो आणि कमी वेगाने धडधडतो. ४२ ची नाडी ही शरीराने केलेली काटकसर असते. या काळात पेशींच्या आतले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हळूहळू संपत जाते, तरीही रक्तातली पातळी बरेचदा ठीकठाक दिसते, कारण रक्त हे वाहतुकीचे ठिकाण आहे, कोठार नव्हे. दाखल होतानाचे तिचे फॉस्फेट ३.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते, म्हणजे २.५ ते ४.५ या नेहमीच्या मर्यादेत, पोटॅशियम ३.४ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजे किंचित कमी, आणि मॅग्नेशियम १.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हा कागद पाहून "रिपोर्ट नॉर्मल आहेत" असे कोणीही म्हणाले असते, आणि तसे म्हटलेही गेले.

आमच्याकडे येण्यापूर्वी एक रात्र ती दुसऱ्या एका सर्वसाधारण रुग्णालयात होती, आणि वरचे आकडे तेथे दाखल होतानाचे आहेत. तेथे अशक्तपणा पाहून पाच टक्के डेक्स्ट्रोज सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या रात्रीतून लावल्या गेल्या. नातेवाइकांचाही "सलाइन लावा" हा आग्रह होता. सकाळी शुद्ध तुपातला शिरा आणि दोन केळी आली, आणि मुलीने घाबरून, सर्वांसमोर, ती खाल्लीही. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण हिशेब करून पाहा. एक लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये ५० ग्रॅम साखर असते आणि तिच्या सुमारे १७० किलोकॅलरी होतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनानुसार बीएमआय १४ च्या खाली असलेल्या रुग्णाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे केवळ ५ किलोकॅलरी द्याव्यात. ३५ किलोला ते १७५ होतात. म्हणजे पूर्ण दिवसाचा वाटा रात्रीतच, तोही निव्वळ साखरेच्या रूपात, शिरेत गेला होता, आणि सोबत भरपूर मीठ-पाणीही गेले होते.

साखर आत येताच काय होते, तेच रिफीडिंग सिंड्रोमचे मूळ आहे. आठवडेच्या आठवडे शांत असलेले इन्सुलिन उसळते आणि साखर पेशीत ढकलते. साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही आत ओढले जातात, कारण साखरेपासून ऊर्जा बनवायला पेशीला फॉस्फेट लागते आणि कोठार तर रिकामे असते. रक्तातली पातळी तासांत कोसळते. फॉस्फेट नसेल तर हृदयाचा स्नायू जोर लावू शकत नाही, श्वासपटल थकते, आणि लाल पेशी ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात, ऊतींना सोडत नाहीत. साखर जाळायला थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही लागते; तेही तळाशी गेलेले असल्याने वेर्निके एन्सेफॅलोपॅथीचा, म्हणजे गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे आणि चालताना तोल जाणे यांचा धोका तयार होतो. इन्सुलिनमुळे मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि झिजलेल्या हृदयावर अचानक वाढीव पाण्याचा भार पडतो. उत्तरपत्रिकेत ही साखळी सलग चार-पाच वाक्यांत लिहिता आली, तर रिफीडिंगची लक्षणे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. ती साखळीतूनच निघतात.

पहिली बाटली लागल्यापासून छत्तीस तासांनी मी तिला पाहिले तेव्हा ड्यूटीवरची विद्यार्थिनी आनंदाने म्हणाली, "सिस्टर, पल्स नॉर्मल झाला, ९४ आहे." हे वाक्य मी गेली अनेक वर्षे वर्गात सांगते. उपासमारीत ४२ वर चालणारे हृदय पडल्या जागी, ताप नसताना, दीड दिवसात ९४ वर गेले, तर ते सुधारले असे न मानता ते भाराखाली आले आहे असे मानावे. बाकीच्या खुणाही जुळत होत्या. घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा राहत होता, श्वास मिनिटाला २४ झाला होता, ओठांभोवती मुंग्या येत होत्या, आणि शांत मुलगी विनाकारण चिडत होती. वजन ३५ चे ३६.८ झाले होते. दीड दिवसात १.८ किलो मांस कोणाच्याही अंगावर चढत नाही; ते पाणी होते. फॉस्फेट १.७ आले. ३.१ वरून १.७ म्हणजे सुमारे ४५ टक्के घट. अमेरिकेतल्या ॲस्पेन या संस्थेच्या २०२० च्या निकषांनुसार अन्न सुरू केल्यापासून पाच दिवसांच्या आत १० ते २० टक्के घट सौम्य, २० ते ३० टक्के मध्यम आणि त्यापुढची गंभीर मानतात.

अशा वेळी परिचारिकेने काय करायचे, त्याचा क्रम असा होता. प्रथम डॉक्टरांना कळवले, आणि कळवताना "पेशंट बरी नाही" असे न सांगता आधीची आणि आताची नाडी, वजन, सूज आणि फॉस्फेट हे जोडीने सांगितले. आकड्यांची जोडी ऐकली की समोरचा जागा होतो. डेक्स्ट्रोज बंद झाले. अन्न पूर्ण थांबवले नाही, निम्मे केले, कारण पूर्ण थांबवले तर साखर खाली कोसळू शकते. ईसीजी काढला आणि मॉनिटर लावला; क्यूटी अंतर लांबलेले आहे का, टी लहर सपाट झाली आहे का, यू लहर दिसते का, हे पाहायचे असते. थायमिन शिरेतून दिले गेले आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आदेशाप्रमाणे सुरू झाले. येथे परिचारिकेच्या हातात तीन गोष्टी असतात, ज्या चुकल्या तर उपचारच घातक ठरतो: पोटॅशियम कधीही सिरिंजने सरळ ढकलायचे नाही, शिरेतले फॉस्फेट आणि कॅल्शियम एकाच नळीतून द्यायचे नाही, कारण त्यांचा साका होतो, आणि मॅग्नेशियम कमी असताना केवळ पोटॅशियम देत राहिले तर ते मूत्रातून निघून जाते आणि पातळी वर येत नाही. पाणी मोजून दिले, लघवी मोजली, आणि रक्ताचे नमुने पहिल्या दोन दिवसांत बारा-बारा तासांनी गेले. रात्री दोन वाजता बोटातून रक्तशर्कराही पाहिली जाई. यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो, त्यामुळे जेवणानंतर इन्सुलिन उसळले की काही तासांनी साखर खाली जाते. पहाटेचा घाम आणि बडबड ही झोपेची तक्रार समजून सोडून द्यायची नसते. पाचव्या दिवशी फॉस्फेट २.६ झाले आणि सूज उतरू लागली.

हे टाळता आले असते का? होय, आणि परीक्षेत गुण तेथेच असतात. नाइसचे निकष सोपे आहेत. बीएमआय १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजनघट, दहा दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीही न खाणे, किंवा अन्न सुरू करण्यापूर्वीच पोटॅशियम, फॉस्फेट वा मॅग्नेशियम कमी असणे, यांपैकी एकही गोष्ट असली तरी धोका मोठा धरावा. आमच्या मुलीला बीएमआयची एक अट पुरेशी होती. अशा रुग्णाला अन्नाच्या आधी थायमिन दिले जाते. नाइसच्या मते तोंडावाटे दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, अन्न सुरू करण्याच्या लगेच आधी आणि पहिले दहा दिवस. उष्मांक किलोमागे १० पासून आणि अतिधोक्यात ५ पासून सुरू करून, रक्ताचे आकडे पाहत चार ते सात दिवसांत वाढवत न्यायचे. क्रम एकच लक्षात ठेवावा: आधी रक्त तपासा, मग थायमिन, मग अन्न. अपवादही लिहावा: रक्तशर्करा खरोखर धोकादायक खाली असेल तर ग्लुकोज थांबवून चालत नाही; तेव्हा थायमिन सोबतच देतात.

एक मतभेद सांगायलाच हवा. "हळू सुरू करा, हळू वाढवा" हे सूत्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, पण ते अतिरेकाने पाळले तर भुकेलेला रुग्ण आणखी खंगतो, आणि असे मृत्यूही झाले आहेत. रोज रक्त तपासणे आणि मॉनिटर शक्य असलेल्या केंद्रांत किशोरवयीन रुग्णांना आता दिवसाला १४०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिकावरही सुरुवात करतात. माझे मत असे की सुरुवातीचा आकडा तुमच्या ठिकाणी रक्त किती वेळा तपासता येते त्यावर ठरावा. जेथे फॉस्फेटचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो, तेथे धाडस करू नये. पेपरात मात्र कमी आकड्याने सुरुवात लिहा आणि "तपासणीनुसार लवकर वाढवणे, कमी आहारात रेंगाळू न देणे" हे एक वाक्य जोडा. सुरुवातीला काय द्यावे, याला आपल्याकडे उत्तम उत्तर दूध आहे. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ९० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. शिऱ्याच्या वाटीपेक्षा दूध, दही, मऊ वरणभात असे थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा दिलेले बरे.

आता बुलिमियाकडे येते. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या विकाराचे वेगळे वर्णन केले. डीएसएम-५ नुसार थोड्या वेळात ताबा सुटल्यासारखे अतोनात खाणे आणि मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधे, उपास किंवा अति व्यायाम यांनी ते फेडणे, हे तीन महिने आठवड्यातून सरासरी एकदा तरी घडलेले असावे लागते. वजन बहुधा नेहमीसारखे असते, आणि म्हणूनच रुग्ण सुटून जातो. शोधायच्या खुणा वेगळ्या आहेत: गालफुगीसारखी दिसणारी, पण न दुखणारी कानाखालची सूज, दातांच्या आतल्या बाजूची झिज, आणि बोटे घशात घालताना दात घासून हाताच्या मागच्या बाजूला बोटांच्या सांध्यांवर पडणारे घट्टे, ज्यांना रसेलची खूण म्हणतात. अनुभवाने सांगते, ही खूण नसली म्हणून निश्चिंत होऊ नये; सवय जुनी झाली की बोटांची गरजच उरत नाही.

ॲनोरेक्सियात मृत्यूचा मार्ग उपासमारीतून जातो, तर बुलिमियात तो बरेचदा पोटॅशियममधून जातो. वारंवार उलटीने पोटातले आम्ल आणि क्लोराइड जाते, रक्त अल्कलीकडे झुकते आणि मूत्रपिंड पोटॅशियम टाकत राहते. धडधड, पायांत गोळे, बद्धकोष्ठ आणि कमालीचा थकवा अशा तक्रारी घेऊन मेडिसिनच्या ओपीडीत आलेल्या, वजनाने अगदी नीट असलेल्या तरुणीचे पोटॅशियम २.४ आले, तर "जेवणानंतर काय होते" हे एकांतात विचारावे. उलटीत रक्ताच्या रेषा दिसल्या तर अन्ननलिकेच्या टोकाला चीर पडल्याची शक्यता असते. छातीत तीव्र कळ आली तर अन्ननलिका फाटली असण्याची दुर्मीळ पण तातडीची शक्यता धरावी. एक सूचना मी प्रत्येकीला आवर्जून देते: उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ झालेले दातांचे कवच घासले जाते, साध्या पाण्याने चूळ भरावी. दुसरी सूचना म्हणजे उलट्या आणि जुलाब थांबवल्यावर काही दिवस पाय सुजू शकतात, हे आधीच सांगून ठेवावे. हे न सांगितल्यास रुग्णाला ती चरबी वाटते आणि ती पुन्हा जुन्या वाटेला लागते. औषधांत फ्लुओक्सेटिन बुलिमियात दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. बुप्रोपियॉन मात्र झटक्यांच्या धोक्यामुळे दोन्ही विकारांत वर्ज्य आहे. ॲनोरेक्सियात वजन फार खाली असताना नैराश्यावरच्या औषधांचा विशेष उपयोग होत नाही, तेथे अन्न हेच पहिले औषध असते.

थेराप्युटिक अप्रोच लिहिताना विद्यार्थी "प्रेमळ, समजूतदार, निःपक्षपाती" अशी विशेषणे लिहून थांबतात. त्याऐवजी जेवणाचा एक तास आणि वजनाची पाच मिनिटे लिहा, म्हणजे परीक्षकाला वॉर्ड दिसेल.

जेवणाला वेळ ठरलेला असतो, साधारण अर्धा तास. परिचारिका शेजारी बसते आणि शक्य तर स्वतःही काहीतरी खाते. त्या अर्ध्या तासात अन्नावर बोलायचे नाही. उष्मांक, "आणखी दोनच घास", "इतके तरी खा" हे सारे वर्ज्य. आमची मुलगी रांगोळीवर बोलत असे, आणि ठिपक्यांचे हिशेब सांगताना घास जात असे. उरलेले काय आणि किती हे टीका न करता लिहायचे, आणि ठरल्याप्रमाणे त्याचा पर्याय, उदाहरणार्थ पूरक पेय, द्यायचा. जेवणानंतर एक तास ती नजरेसमोर असते आणि शौचालयाला जावेच लागले तर सोबत कोणीतरी असते. हा पहारा वाटू नये म्हणून सुरुवातीलाच सांगितलेले बरे: "हा तास तुझ्यासाठी सर्वांत अवघड असतो, म्हणून मी सोबत बसते. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे."

वजन सकाळी, लघवी करून झाल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर, त्याच गाऊनमध्ये आणि बहुधा काट्याकडे पाठ करून घेतात. त्याआधी तांब्याभर पाणी पिणे, खिशात नाणी किंवा केसांत जड क्लिप लपवणे हे घडतेच. लघवीची विशिष्ट घनता १.००५ च्या खाली आली की पाण्याची शंका घ्यावी. अशा वेळी मी "खोटे बोललीस" असे म्हणत नाही. मी म्हणते, "आज काट्याची फार भीती वाटली का? घनता कमी आली आहे. एवढे पाणी एकदम प्यायले तर सोडियम घसरून झटका येऊ शकतो, म्हणून मी हे डॉक्टरांना सांगणार आहे." वस्तुस्थिती सांगितली, धोका सांगितला, आणि मागून तक्रार केली असे तिला वाटणार नाही याची काळजी घेतली. वजनवाढीचे लक्ष्य वॉर्डात आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो असते. पहिल्या काही दिवसांत त्याहून वेगाने वाढ दिसली तर आनंद न मानता घोटे दाबून पाहावेत.

शब्दांबद्दल एक गोष्ट. वॉर्डातल्या मावशी, शेजारच्या खाटेवरच्या आजी आणि भेटीला आलेली आत्या, सारे जण प्रेमाने म्हणतात, "बघ, आता कशी बाळसं धरलीस!" ज्या मुलीला वजन वाढण्याचीच धास्ती आहे, तिच्या कानात हे वाक्य "जाड झालीस" असेच पोहोचते आणि त्या रात्रीचे दूध बेसिनमध्ये जाते. "आज चेहरा छान दिसतो" हेही टाळावे. शरीरावर न बोलता वागण्यावर बोलावे: "आज तू अर्ध्या तासात जेवून उठलीस, काल पाऊण तास लागला होता." आणि जेव्हा ती म्हणते, "सिस्टर, माझ्या मांड्या बघा ना, किती मोठ्या आहेत," तेव्हा "कुठे गं, काडी झाली आहेस" असा वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. "तुला तसे दिसते, आणि त्याने तू घाबरतेस, हे मला कळते. मला तसे दिसत नाही. आज दुपारी असे काही घडले का, की ही भीती वाढली?" एवढे पुरते. आकाराच्या चर्चेतून भावनेकडे वळायचे, हेच त्या संवादाचे तंत्र आहे. बुलिमियात याच वळणाचा उपयोग नोंदवहीत होतो: खाण्यापूर्वी काय वाटले, कोण होते, किती वेळ उपाशी होते. बहुतेक वेळा अतिखाण्याच्या आधी दिवसभराचा कडक उपास सापडतो, आणि नियमित तीन जेवणे व मधले खाणे हाच पहिला उपचार ठरतो.

नियम सर्व पाळ्यांत एकच असावे लागतात. दिवसपाळीतली सिस्टर कडक आणि रात्रपाळीतली मायाळू अशी फाळणी झाली की आजार त्या फटीतून निसटतो. म्हणून ठरलेला करार लेखी असतो आणि प्रत्येक हस्तांतरणात वाचला जातो. दाखल करण्याच्या कायदेशीर बाजूसाठी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील दोन कलमे पुरतात: अल्पवयीनासाठी कलम ८७ आणि स्वतः निर्णय घेण्यास जास्त आधाराची गरज असलेल्या रुग्णासाठी कलम ८९. आत्महत्येचा धोका दोन्ही विकारांत वाढलेला असतो आणि वजन वाढू लागल्यावरही तो संपत नाही. म्हणून त्याची विचारणा सरळ शब्दांत, ठरावीक अंतराने करावी.

परिचर्या निदाने लिहिताना पहिले स्थान हृदयाच्या धोक्याला आणि क्षारांच्या असमतोलाला द्या, दुसरे अपुऱ्या पोषणाला, आणि शरीरप्रतिमेला त्यानंतर. "तातडीने काय कळवाल" असा पर्यायी प्रश्न आला आणि त्यात बंद पाळी, अंगावरची लव, वजनाची भीती आणि नुकतेच १.८ झालेले फॉस्फेट असे पर्याय असले, तर फॉस्फेट निवडा.

आमच्या मुलीला दोन आठवड्यांच्या अखेरीस दिवसाला १६०० किलोकॅलरी सोसू लागल्या आणि पडून असतानाची नाडी ६० च्या आसपास स्थिरावली. घरी जाताना आईला दिलेल्या कागदावर चार ओळी होत्या: उपासाचे दिवस तूर्त बंद, जेवताना ताटावर बोलायचे नाही, घरचा वजनकाटा उचलून ठेवायचा आणि वजन फक्त आठवड्यातून एकदा आमच्याकडे, चक्कर, धडधड किंवा पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी यायचे. पहिल्या ओळीवर आजी नाराज झाल्या. त्यांना मी बाजूला घेऊन सांगितले की यंदाची संकष्टी नातीच्या वाटची त्यांनी करावी, आणि ते त्यांनी मान्य केले.